सोयाबीन पुढे की कापूस?

सकाळी ९.३०
जालन्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी हिशेब आणि आकडेवारी बघतो. वार्षिक सभा जवळ आली आहे. अहवालात कापूस आणि सोयाबीनच्या हमीभावाचा निर्देशांक दरवर्षी असतो, आजवर त्यात २०१७-१८ = १०० धरलं होतं. आमची कंपनी २०१८-१९ मध्ये सुरू झाली, म्हणून संचालकांनी यंदा त्या वर्षाला १०० धरायला सांगितलंय. अध्यक्षांचा काल फोन होता, “तासाभराचं काम आहे, नाही का?” भागाकाराचं म्हणाल तर तासाचंसुद्धा नाही.

१०.००
आधी मूळ भाव. मध्यम धाग्याचा कापूस २०१७-१८ ला क्विंटलला ४,०२० रुपये, पुढच्या वर्षी ५,१५० आणि २०२५-२६ ला ७,७१०. सोयाबीन त्याच वर्षांत ३,०५०, ३,३९९ आणि ५,३२८. प्रत्येक वर्षाच्या भावाला पायाभूत वर्षाच्या भावाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. एक्सेलमध्ये २०१८-१९ तिसऱ्या ओळीत आहे:

```
=B2/$B$3*100
```

डॉलरची खूण द्यायची राहिली आणि सूत्र खाली ओढलं, तर प्रत्येक वर्ष त्याच्या पुढच्या वर्षाने भागलं जातं. हे ओळखणं सोपं आहे. कापसाच्या २०१८-१९ समोर १०० ऐवजी ९८.० दिसतात आणि शेवटच्या ओळीत `#DIV/0!` येतं. म्हणून पायाभूत वर्षासमोर बरोबर १०० आहेत ना, हे मी सगळ्यात आधी बघतो.

११.१५
मूळ भाव हाताशी नसले तरी जुन्या निर्देशांकावरून नवा काढता येतो. कापसाचा २०१८-१९ चा जुना निर्देशांक १२८.१, २०२५-२६ चा १९१.८. दुसऱ्याला पहिल्याने भागून शंभराने गुणलं की १४९.७. मात्र जुन्या अहवालात छापलेत पूर्णांक, १२८ आणि १९२, आणि त्यांवरून थेट १५० येतात. फरक थोडाच आहे, पण पुढच्या वेळी पाया बदलताना तो आणखी वाढू शकतो. त्यामुळे कितीही जुने अहवाल समोर असले तरी मी मूळ भावाकडेच जातो.

१२.३०
आता दोन्ही पिकं शेजारी ठेवली. जुन्या पायावर २०२५-२६ ला कापूस १९१.८, सोयाबीन १७४.७. नव्या पायावर कापूस १४९.७, सोयाबीन १५६.८. म्हणजे पुढे असलेलं पीक मागे पडलं, आणि एकाही भावाला हात लागलेला नाही.

कारण त्या एका वर्षात आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात खरिपाचे हमीभाव उत्पादन खर्चाच्या किमान दीडपट ठेवायचं जाहीर झालं आणि मध्यम धाग्याचा कापूस एकदम १,१३० रुपयांनी वर गेला, म्हणजे २८ टक्के. सोयाबीन ११ टक्केच वाढलं. पाया २०१७-१८ ठेवला तर ती उडी निर्देशांकात मोजली जाते, २०१८-१९ ठेवला तर ती पायातच गाडली जाते. दोन्ही तक्ते खरे आहेत. फक्त एकच छापला, तर सभेत वाद होणार.

२.३०
जेवण झाल्यावर सोयाबीनच्या ३,०५० मध्ये आणखी एक गाठ सापडली. त्या वर्षीच्या भावात २०० रुपये बोनस धरलेला आहे. तो वगळला तर पाया २,८५० चा होतो आणि २०२५-२६ चा जुना निर्देशांक १७४.७ वरून १८६.९ वर जातो. कापूस तरीही पुढेच, पण अंतर बरंच कमी. पायाभूत वर्ष जसं साधं हवं, तसं ते नव्हतं. नव्या पायात ही अडचण नाही, आणि मला तरी संचालकांचा निर्णय याच कारणाने पटला. कंपनीच्या वाढदिवसाचं कारण लंगडं वाटतं.

४.००
अध्यक्ष आले. तक्ता बघून म्हणाले, “अहो, यंदा कापूस जवळपास पंधरा अंकांनी वाढला होता ना? आता अकराच?” जुन्या पायावर तो १७७.१ वरून १९१.८ झाला, नव्यावर १३८.३ वरून १४९.७. अंक बदलले, पण टक्केवारी दोन्हीकडे ८.३ च. त्यांच्यासमोर दोन्ही भागाकार मोबाईलवर करून दाखवले, तेव्हा पटलं. मग तक्त्यात अंकांतल्या फरकाचा रकानाच काढला, टक्क्यांचा ठेवला.

५.१५
तक्त्याखाली तीन ओळी लिहिल्या: पाया २०१८-१९ = १००; कापूस मध्यम धाग्याचा; २०१७-१८ च्या सोयाबीन भावात २०० रुपये बोनस. जुन्या पायाचा तक्ता परिशिष्टात ठेवला.

अध्यक्ष निघता निघता म्हणाले, “पण आपल्या लोकांना हमीभाव मिळतो कुठं? बाजाराचा आकडा टाका की.” हरकत नाही. पण बाजार समितीचा भाव रोज बदलतो, आणि वर्षाचा एक भाव काढायचा तर आवकेनुसार भारित सरासरी घ्यावी लागेल. दिवाळीआधी ओला माल भरपूर येतो, उन्हाळ्यात थोडा, त्यामुळे साध्या सरासरीत उन्हाळ्याचा भाव उगाच जड होईल. तो निर्देशांक वेगळ्या तक्त्यात जाईल. उद्या आवकेचे आकडे मागवायचेत.