ऑपरेशनच्या सकाळी कोणती गोळी घ्यायची?

समजा, वैरागच्या एका आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन बार्शीला सोमवारी सकाळी ९ वाजता आहे. त्यांना बीपी आणि शुगर दोन्ही आहेत. रोज सकाळी ते तीन गोळ्या घेतात: टेल्मिसार्टन-अम्लोडिपिन, ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन.

आधी थांबते डॅपाग्लिफ्लोझिन. ही गोळी ऑपरेशनआधी तीन दिवस बंद ठेवतात, म्हणजे आजोबांचा शेवटचा डोस गुरुवारी. ती चालू असताना उपवास घडला, तर रक्तात कीटोन आम्ल साठू शकतं. उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसतात, पण शुगर जवळपास नॉर्मल येते आणि धोका लक्षात येत नाही. अशा वेळी कीटोनची तपासणी करावी लागते.

ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन सोमवारी सकाळी घ्यायची नाही. उपाशीपोटी ग्लिमेपिराइडने शुगर घसरते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र ते आपल्या मनाने बंद करू नये. किती कमी करायचं ते डॉक्टर सांगतात.

बीपीची गोळी नीट पाहा, कारण तिच्यात दोन औषधं आहेत. अम्लोडिपिन चालू ठेवतात. टेल्मिसार्टन मात्र बहुधा २४ तास आधी थांबवतात, कारण भूल दिल्यावर बीपी फार खाली जाऊ शकतं. म्हणून ऑपरेशनआधीच्या तपासणीच्या दिवशीच डॉक्टरांकडून नुसती अम्लोडिपिन लिहून घ्यावी आणि सोमवारी सकाळी ६ वाजता घोटभर पाण्याबरोबर घ्यावी. अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल, थायरॉइड आणि फिटच्या गोळ्याही अशाच चालू राहतात.

रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर ती स्वतःहून बंदही करू नका, चालूही ठेवू नका. हृदयात स्टेंट असताना ती अचानक थांबली, तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते. भूलतज्ज्ञ आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील.

खाण्यापिण्याच्या वेळा

- रविवारी रात्री ९ पर्यंत भाकरी-आमटीसारखं साधं जेवण. मटण किंवा तळलेलं पचायला आठ तास किंवा जास्त लागतात, ते टाळा.
- हलकं अन्न आणि दूध किमान सहा तास आधी, म्हणजे पहाटे ३ नंतर काहीच नाही. दुधाचा चहा अन्नातच मोजतात.
- साधं पाणी किंवा बिनसाखरेचा कोरा चहा सकाळी ७ पर्यंत चालतो. त्यानंतर काही नाही.
- तंबाखू, मशेरी नको.

वाटेत घाम फुटला, हात थरथरले, तर शुगर मोजा. ७० च्या खाली असेल, तर साखरपाणी प्या आणि पोचताच नर्सला वेळ सांगा. चुकून चहा-बिस्किट घेतलं, तरी सांगाच. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. त्यापेक्षा ऑपरेशन काही तास पुढे गेलेलं बरं.

तुमची यादी आजोबांपेक्षा वेगळी असेल. म्हणून सगळ्या गोळ्या पाकिटांसकट भूलतज्ज्ञांना दाखवा आणि प्रत्येकीसमोर शेवटच्या डोसची तारीख लिहून घ्या.