हिवाळ्यातली सावली : एका दशकाचा मागोवा

गेल्या मार्गशीर्षात पाचगणीच्या बाजूला होऊ घातलेल्या काही कॉटेजांची एक चकचकीत पुस्तिका माझ्या हाती आली. तिच्या मुखपृष्ठावरील चित्रात उतरत्या छपराचे एक टुमदार घर, त्याच्या भोवती काटक्यांसारखी निष्पर्ण विदेशी झाडे, आणि हे सगळे आपादमस्तक निळसर प्रकाशात बुडालेले होते. आतल्या पानावर नकाशा होता व त्यावर उत्तर दिशेचा बाण होता. तो पाहून मी चित्राकडे परतलो, तेव्हा घराच्या उत्तरेकडील व्हरांड्यात भरघोस ऊन पडलेले असून सावल्या दक्षिणेकडे लांबल्या आहेत, असे दिसले. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दिवसभर दक्षिणेच्या अंगानेच फिरतो, आणि सपाटीवर उभ्या वस्तूची सावली त्या ऋतूत दक्षिणेकडे झुकणे शक्य नाही. वास्तूंची यथार्थदर्शने रंगविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्या जिव्हारी ते चित्र लागावे यात नवल नाही. त्या निमित्ताने जुन्या दिवसांचा हिशेब मांडावासा वाटला.

1981 ते 1985 ही वर्षे कारखान्यांच्या शेड्स आणि कोथरूडच्या सोसायट्या रंगविण्यात गेली. त्यांविषयी लिहिण्याजोगे काही नाही. पुढची दहा वर्षे मात्र निराळी होती. पुण्यातल्या वास्तुरचनाकारांकडे पाचगणी, लोणावळा, पानशेत अशा ठिकाणची घरे येऊ लागली, आणि शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा जाड कागद फळीवर ताणून त्यावर जलरंगांचे वॉश चढविण्याचे काम माझ्या वाट्याला आले.

ज्या कार्यालयात मी होतो तेथील वरिष्ठांशी माझा पहिला वाद सावलीवरूनच झाला. शाळेत शिकविलेल्या छायालेखनाच्या संकेतानुसार प्रकाश नेहमी डाव्या खांद्यावरून, नकाशात आणि दर्शनी चित्रात 45 अंशांनी येतो. त्याची प्रत्यक्ष उंची क्षितिजापासून सुमारे 35 अंश भरते. भिंतीवरील पट्टी किती पुढे आली आहे हे मोजण्यासाठी तो संकेत उत्तम आहे, परंतु त्यात ऋतू नाही, प्रहर नाही आणि गावही नाही. मला हिवाळ्याची संध्याकाळ दाखवावयाची होती, आणि त्यांचा हुकूम होता की, संकेत मोडावयाचा नाही. त्यांच्या ज्ञानाविषयीचा माझा आदर कायम आहे. पण त्या बाबतीत ते चुकत होते, हे आजही मी तितक्याच ठामपणे म्हणेन.

1989 च्या डिसेंबरात, उत्तरायणाच्या आदल्या दिवशी, पाचगणीजवळच्या एका उतारावर मी पाच फुटांची काठी आणि टेप घेऊन उभा राहिलो. तेथे एका डॉक्टर दांपत्याचे छोटे कौलारू घर व्हावयाचे होते. वर्षातील सर्वांत आखूड दिवसांतही आपल्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य 48 अंशांच्या आसपास चढतो, त्यामुळे सावली वस्तूच्या उंचीहून थोडी आखूडच असते. लंडनमध्ये तोच सूर्य त्या दिवशी दुपारी 15 अंशांवर असल्याने सावली पावणेचारपट होते. म्हणजे लांब सावली हा तिकडे दिवसभराचा व्यवहार, तर आपल्याकडे ती सकाळी आणि दुपार कलल्यावरच भेटते. साडेचारला सूर्य साधारण 18 ते 19 अंशांवर, नैर्ऋत्येला आला. 15 फूट उंचीच्या आढ्याची सावली सपाट जमिनीवर 44 फूट पडली असती. परंतु ती जमीन ईशान्येकडे सुमारे 10 अंशांनी उतरत होती, म्हणून तीच सावली काठीच्या प्रमाणाने 90 फुटांपलीकडे गेली. उतार उलटा, म्हणजे सावलीच्या वाटेवर चढणारा असता, तर ती 30 फुटांच्या आत संपली असती. डोंगरावरील घर रंगविताना सूर्याइतकाच जमिनीचा उतारही सावली आखतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

पुढे फांद्यांचा प्रश्न आला. सह्याद्रीच्या माथ्यावरचे जांभूळ हिवाळ्यात उघडे पडत नाही. उघडी पडते ती काटेसावर, पांगारा आणि अंगणातला पांढरा चाफा. त्यांच्या सावल्याही सारख्या नसतात. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून वस्तूच्या जाडीच्या सुमारे 108 पट अंतरापलीकडे तिची गडद छाया उरत नाही. चाफ्याच्या इंचभर जाड फांदीची सावली भिंतीवर 9 फुटांपर्यंत आपला गाभा राखते. पांगाऱ्याच्या अर्ध्या इंचाच्या डहाळीची साडेचार फुटांतच विरघळू लागते. म्हणून दक्षिणेच्या चुन्याच्या भिंतीपासून 6 फुटांवरचा चाफा मी टोकदार कडांनी रेखला, आणि दूरच्या पांगाऱ्याचा केवळ धूसर राखी डाग ठेवला. सगळ्या डहाळ्या एकाच धारदारपणे भिंतीवर उमटलेल्या दिसल्या, तर चित्र खोटे आहे असे खुशाल समजावे.

थंडी दाखविणे याहून नाजूक. कलत्या सूर्याचा किरण स्वतः पिवळसर उबदार असतो. गारवा असतो तो त्याच्या अभावात, कारण सावलीवर फक्त निळ्या आकाशाचा उजेड पडतो. संपूर्ण कागद निळा केला तर थंडी येत नाही, केवळ सांजवेळ किंवा आजारपण येते. मी प्रथम कागदभर पिवळ्या मातीच्या रंगाचा अत्यंत पातळ वॉश दिला, वाळलेले गवत त्यावरच उभे केले, आणि तो पूर्ण वाळल्यावर कोबाल्ट निळ्यात किंचित लाल मिसळून सावली एका दमात ओढली. पुन्हा हात लावला की ती मळते. कडा घरापाशी तीक्ष्ण आणि टोकाला मऊ ठेवली. शेवटी वळचणीच्या खालच्या बाजूस, उन्हातल्या गवताने परतविलेला पिवळा उजेड थोडासा दिला. त्या एका पट्टीने निळ्या सावलीला थंडी चढली.

चित्र पाहताच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अहो, मग बसायची जागा आपण उत्तरेला कशासाठी ठेवली? तिथं तर हिवाळाभर ऊनच येणार नाही.” रचनाकारांनी नकाशा परत घेतला आणि व्हरांडा दक्षिणेला आणला. माझ्या हातून झालेले ते सर्वांत उपयुक्त चित्र होय. त्याची कमाई व्हरांड्याची जागा बदलण्याइतकी होती.

1996 नंतर संगणक आले, ब्रश सुटले. तो काळ मी झटकन ओलांडतो. यंत्राला मी दोष देत नाही, कारण यंत्र स्थळ, तारीख आणि वेळ विचारते, व्ही-रेच्या सूर्यात धुरकटपणासाठी `turbidity` आणि सावलीच्या कडांसाठी `size multiplier` अशी सोयही आहे. पण ज्याने पुस्तिकेचे ते चित्र केले त्याने हे प्रश्न वाचण्याची तसदी घेतली नाही. परदेशी हिवाळ्याचे एखादे तयार आकाश आणि तयार झाडे उचलून त्याने आमच्या डोंगरावर ठेवली, आणि सूर्य घराला शोभेल तेथे टांगला. आमच्या काळी साइटवर काठी रोवणे हा कामाचा भाग होता, आता तिचा खर्च कोणी धरीत नाही.

त्या पुस्तिकेतले घर कोणीतरी विकत घेईल. निवृत्तीनंतरच्या पहिल्या पौषात, सकाळच्या चहाला, दोन माणसे चित्रातल्या त्याच व्हरांड्यात खुर्च्या मांडून बसतील. चित्रातले ऊन तेथे पोहोचणार नाही, आणि वसंत येईपर्यंत त्यांना शाल पांघरून सावलीतच बसावे लागेल.