एक रुपया, पाच विद्यार्थी : गटप्रकल्पाचा विषय कसा निवडावा?

अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेत पाच जणांचा गटप्रकल्प मिळाला की विषय बहुधा ‘वस्तू व सेवा कर’ असा ठरतो आणि वाटणी होते ती प्रस्तावना, उद्दिष्टे, फायदे, तोटे व निष्कर्ष अशी. ही वाटणी पानांची असते, कामाची नव्हे. ‘तोटे’ लिहिणारा गैरहजर राहिला तरी इतरांचे काही अडत नाही, आणि शेवटी एकच हुशार मुलगी रात्र जागून सारे पूर्ण करते. विषय असा हवा, की त्यात एकच प्रश्न असावा आणि त्याचे उत्तर पाच वेगळ्या हातांवाचून निघूच नये.

आपल्या घरांना जवळचा असा एक विषय सुचवतो : ‘दुकानात गुंतवलेला रुपया किती दिवसांनी परत येतो?’ बँकेत यालाच खेळत्या भांडवलाचे चक्र म्हणतात. त्यासाठी ओळखीचे एकच दुकान निवडावे.

ज्याची नजर बारीक आहे, त्याने शिल्लक मालाची मोजदाद करावी. जी मोकळेपणाने बोलते, तिने उधारीची माहिती घ्यावी. मात्र गिऱ्हाइकांची नावे न उतरवता केवळ क्रमांक घालावेत. ज्याला कागदपत्रांची शिस्त आहे, त्याने घाऊक व्यापाऱ्यांची बिले तारखेनुसार लावून देणे किती दिवसांनी फेडले जाते ते काढावे. आकडेमोडीत रस असलेल्याने ताळा जुळवावा. त्याने इतरांची वाट पाहत बसू नये; पहिल्याच दिवशी कल्पित आकडे घालून तक्ता तयार ठेवावा, म्हणजे कोणाकडून कोणता आकडा हवा हे सर्वांना कळते. लेखन व चित्र ज्याचे चांगले, त्याने चौघांची टिपणे केवळ नीटनेटकी करू नयेत. दुकानदाराला समजेल असा दिवसांचा पट्टा काढून तो त्यांच्याकडून तपासून घ्यावा.

आता कल्पनेतील एका कापड दुकानाचे उदाहरण पाहू. वर्षाची विक्री 45 लाख रुपये आणि विकलेल्या मालाची खरेदी किंमत 36 लाख. वर्ष 360 दिवसांचे धरले, तर रोज 10 हजारांचा माल खपतो आणि विक्री साडेबारा हजारांची होते. शिल्लक माल 6 लाखांचा, म्हणजे 60 दिवसांचा. येणे उधारी अडीच लाख, म्हणजे 20 दिवसांची. व्यापाऱ्यांचे देणे 3 लाख, म्हणजे 30 दिवसांचे. साठ अधिक वीस वजा तीस : रुपया 50 दिवस अडकलेला राहतो. पाचव्या विद्यार्थ्याच्या पट्ट्यावर हेच असे दिसेल : पहिल्या दिवशी माल आला, तिसाव्या दिवशी पैसे दिले, साठाव्या दिवशी माल विकला आणि ऐंशीव्या दिवशी पैसे हाती आले.

या उदाहरणात अडकलेली रक्कम साडेपाच लाख होते. ती सारी 12 टक्के व्याजाने घेतलेली असेल, तर वर्षाला 66 हजार रुपये केवळ या थांबण्याचे जातात. दुकानदारालाही हा आकडा उपयोगी पडतो.

चूक कोठे होते, तेही सांगायला हवे. माल खरेदीऐवजी विक्रीच्या किमतीने मोजला, तर तेच 6 लाख साडेसात लाख होतात आणि 60 दिवसांचे 75 दिवस दिसू लागतात. दिवाळीच्या तोंडावर केलेली मोजदादही फसवी ठरते, कारण तेव्हा दुकान मुद्दाम भरलेले असते. म्हणून वर्षातील वेगवेगळ्या महिन्यांच्या अखेरीचे आकडे घेऊन सरासरी काढावी. दुसरी गोष्ट अधिक रंजक आहे. उधारी पाहणारी म्हणेल, ‘गिऱ्हाइके तर 40 दिवसांनी पैसे देतात’, आणि तक्ता 20 दिवस दाखवील. येथे भांडू नये. निम्मीच विक्री उधारीची असेल, तर दोघेही बरोबर आहेत : तक्त्याने रोखीची विक्रीही त्यात धरली आहे. अशी तफावत दिसली, की प्रत्येकाने आपले काम स्वतः केले आहे याची खात्री पटते.

विषयाची परीक्षा सोपी आहे. पाचांपैकी एकाचे काम झाकून पाहावे. उत्तर तरीही निघत असेल, तर तो भाग नावापुरता आहे. ‘एक किलो तूरडाळीची किंमत शेतापासून स्वयंपाकघरापर्यंत कशी वाढते?’ हा विषय या कसोटीला उतरतो, कारण शेतकरी, बाजार समिती, डाळ गिरणी, घाऊक व्यापारी आणि किरकोळ दुकान या पाच टप्प्यांतील एकाचा भाव गळला, तरी साखळी तुटते. ‘डाळींचे महत्त्व’ हा विषय मात्र उतरत नाही. गटात विषय ठरवताना मुलांनी आधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहावा आणि त्याच्या उत्तरासाठी कोणते पाच आकडे लागतील, ते त्याखाली मांडावे. पाच आकडे सापडले, की पाच कामे आपोआप ठरतात.