पेरलं शेतात, भाव ठरला आधी : हेजिंग म्हणजे काय?

मंडळी, हेज म्हणजे कुंपण. रानडुकरांसाठी आपण धुऱ्यावर कुंपण घालतो. कुंपणानं पीक वाढत नाही, आहे ते वाचतं. भावाचं कुंपणही तसंच आहे. ते समजायला एक गोष्ट पाहू. ती रचलेली आहे, पण काळ खरा आहे.

2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्यामुळे पुढच्या वर्षीही तसाच भाव येईल म्हणून अनेकांनी कापूस घरातच ठेवला, आणि भाव उतरत गेला. त्या 2022 च्या सप्टेंबरात कोरपना तालुक्यातला आपला शेतकरी हिशेब करतो. चाळीस क्विंटल कापूस होईल असा त्याचा अंदाज आहे. खतबियाण्याची उधारी, सोसायटीचं कर्ज आणि वेचणीची मजुरी धरून त्याला 1,70,000 रुपये द्यायचेच आहेत. तो एका जिनिंगवाल्याशी निम्म्या मालाचा, म्हणजे वीस क्विंटलचा सौदा 8,500 रुपयांनी करतो. देणं तिथंच भागलं.

आता विक्रीच्या वेळी भाव 7,500 झाला असं धरू. सौद्याचे 1,70,000 आणि उरलेल्या मालाचे 1,50,000, असे 3,20,000 हाती येतात. सौदा नसता तर तीन लाखच आले असते. उलट भाव 9,500 झाला, तर त्याला 3,60,000 मिळतात आणि सौदा न करणाऱ्या शेजाऱ्याला 3,80,000. शेजारी म्हणेल, "वीस हजारांनी बुडालास ना!" पण तो बुडाला नाही. शेजाऱ्याचं उत्पन्न तीन लाख ते 3,80,000 असं हलत होतं, याचं 3,20,000 ते 3,60,000 मध्येच. वरचा फायदा थोडा सोडून त्यानं खालची भीती कमी केली. यालाच हेजिंग म्हणतात.

मग सगळ्याच मालाचा सौदा का नाही केला? कारण बोंडअळी आली आणि पंचवीसच क्विंटल झाला, तर उरलेले पंधरा बाजारातून विकत घेऊन द्यावे लागतील. तेव्हा भाव चढलेला असला की कुंपणच अंगावर पडतं. म्हणून जेवढं नक्की पिकेल, तेवढ्याचाच सौदा करावा.

दुसरी जोखीम समोरच्या माणसाची. भाव पडला की "ओलावा जास्त आहे" म्हणून माल परत पाठवता येतो. म्हणून प्रत, ओलाव्याची मर्यादा, तारीख आणि मोजणीची जागा कागदावर हवी.

वायदेबाजारात ही समोरच्या माणसाची जोखीम एक्सचेंज उचलतं, पण आधी अनामत भरावी लागते. भाव आपल्या सौद्याविरुद्ध चढला की माल घरात असतानाच रोज फरकाचे पैसे द्यावे लागतात. लहान शेतकरी तिथं अडतो.

आणि गडचिरोलीच्या धानाला ही वाटही नाही. डिसेंबर 2021 मध्ये सेबीनं बिगर-बासमती धानाचे वायदे थांबवले. तिथं आधार उरतो तो हमीभावाचा, म्हणजे आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्राचा. हमीभावही कुंपणच आहे, फक्त ते सरकारनं घातलेलं. भाव चढला तर शेतकरी बाहेर विकायला मोकळा असतो. मात्र केंद्र वेळेवर उघडलं तरच ते कामाचं.