विरघळलं, पण सुटं झालं नाही?

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. एक किलो पाण्यात ते सुमारे १२ ग्रॅम विरघळवलं आणि त्याचे मॅग्नेशियम व सल्फेट हे आयन पूर्ण सुटे झाले, असं धरलं, तर पाण्याचा गोठणबिंदू ०.१९ अंश सेल्सिअसने उतरायला हवा. प्रत्यक्षात तो सुमारे ०.१२ अंशानेच उतरतो. तितकेच आयन देणारं खाण्याचं मीठ मात्र ०.१८ अंशापर्यंत पोहोचतं.

गोठणबिंदू किती उतरेल, हे कणांच्या संख्येवर ठरतं. त्यामुळे मॅग्नेशियम सल्फेट अर्धवटच सुटं झालं, असं वाटतं. पण त्याच्या स्फटिकातही आयनच असतात. न फुटलेले रेणू पाण्यात उरत नाहीत. खरं कारण विद्युतभाराचं आहे. मिठाच्या आयनांवर एकेक भार असतो, इथे दोन-दोन. म्हणून तेवढ्याच अंतरावर ओढ चौपट होते. काही आयन जोडीने फिरतात, बहुतेकदा मध्ये पाण्याचे रेणू ठेवूनच. अशी जोडी एकाच कणासारखी वागते. तिचा एकूण भार शून्य असल्याने ती वीजही वाहून नेत नाही.

मात्र सगळी तूट जोड्यांमुळे नसते. सुट्या आयनांनाही भोवतालच्या विरुद्ध भारांची ओढ असते.

या जोड्या समुद्रातही असतात. ध्वनिलहरींच्या दाबाने त्या तुटतात, पुन्हा जुळतात आणि त्यात ध्वनीची ऊर्जा खर्च होते. म्हणूनच काही दहा हजार हर्ट्‌झचा आवाज शुद्ध पाण्यापेक्षा समुद्रात लवकर विरतो.