दगडावरची खातेवही

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात शिरणारा माणूस आधी मान वर करून साठ मीटरांहून उंच शिखर पाहतो. पायथ्याच्या दगडावर कोरलेल्या तमिळ ओळींकडे फारसे कुणी बघत नाही. चोळ राजा राजराज पहिला याने सुमारे 1010 साली हे मंदिर पूर्ण केले. आपण, आपल्या थोरल्या बहिणीने, राण्यांनी आणि इतरांनी दिलेले दान विमानाच्या दगडावर कोरावे, अशी आज्ञा त्याने केली होती. राजाने देवाला काय दिले, ते कुठून आणले आणि कुणाच्या हवाली केले, याची जमाखर्चाची वहीच तिथे कोरलेली आहे.

देवाचे नाव होते राजराजेश्वर, म्हणजे राजराजाचा ईश्वर. इथे आधीपासून गाजलेले तीर्थ नव्हते. नायन्मार संतांच्या तेवारम् पदांत ज्या शिवस्थानांचे गुण गायले आहेत, त्यांत हे नाही. राजाला नवे स्थान मोठे करायचे होते आणि जुन्या भक्तीचे बळही हवे होते. म्हणून ती पदे रोज गाण्यासाठी त्याने 48 गायक आणि दोन वादक नेमले. शिवाय राज्यभरातल्या देवळांतून 400 नर्तकी आणून मंदिराजवळच्या रस्त्यांवर वसवल्या. प्रत्येकीचे नाव आणि ती कोणत्या देवळातून आली, हे कोरलेले आहे. प्रत्येकीला एक घर आणि वर्षाला शंभर कलम भात असा वाटा होता. ती गेली की तिच्या जवळच्या नात्यातल्या लायक व्यक्तीने ते काम आणि तो वाटा घ्यायचा. आपल्याकडच्या वतनासारखीच ही रीत. ज्या देवळांतून या नर्तकी आल्या, त्या देवळांचा धागा आता राजधानीशी जोडला गेला.

खरी मेख पैशाच्या व्यवहारात आहे. देवाला दिलेली नाणी कोठारात पडून राहत नसत, ती गावसभांना कर्जाऊ दिली जात. व्याज दर काशूमागे वर्षाला एक अष्टमांश काशू, म्हणजे शेकडा साडेबारा. समजा एखाद्या सभेने ऐंशी काशू उचलले, तर दरसाल दहा काशू मंदिरात भरायचे, ते चंद्रसूर्य असेतोवर. मुद्दल फेडून मोकळे होण्याची सोय नव्हती, कारण त्या व्याजातूनच एखाद्या मूर्तीचा नैवेद्य चालत असे. नंदादीपाचेही तसेच. एका दिव्यासाठी 96 मेंढ्या, किंवा 48 गाई, किंवा 16 म्हशी गुराख्याकडे सोपवायच्या आणि त्याने रोज एक उळक्कु तूप आणून द्यायचे. कळपातली जनावरे मरतील, नवी जन्मतील, पण हिशेबात आकडा तोच. लेखांत या कळपांना न मरणारे, न म्हातारे होणारे म्हटले आहे. गुराख्याच्या कुटुंबावर ही जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्याला ती कृपा वाटली की ओझे, हे भिंत सांगत नाही.

गावे दान दिली म्हणजे शेतकऱ्यांना हुसकावून जमीन देवळाला दिली असे नव्हे. राजाच्या हक्काचा सारा देवाच्या नावे वळवला जाई. थेट श्रीलंकेतल्या गावांचा सारासुद्धा तंजावरच्या देवाला लावून दिला होता. तो वेळेवर आला की नाही हे सोडा, ती नोंद वाचणाऱ्याला चोळांची सत्ता कुठवर पोचली ते कळत होते. पांड्य आणि चेर राजांकडून लुटलेल्या धनातून घडवलेली भांडी आणि दागिने वजनानिशी नोंदवलेले आहेत. लुटीचे सोने देवाच्या पायाशी गेले की त्याला लूट कोण म्हणणार?

चोळांची नोकरशाही सर्वत्र घट्ट होती, असे नीलकंठ शास्त्रींचे मत. बर्टन स्टाईन यांच्या मते कावेरीच्या खोऱ्याबाहेर राजाचा हुकूम क्षीण होता आणि त्याचे वर्चस्व मुख्यतः धार्मिक मानाचे होते. मला स्टाईन अर्धेच पटतात. ज्या गावातून दरसाल व्याज, पहारेकरी आणि हिशेबनीस येतात, तिथे राजा नुसता मानापुरता उरत नाही.

पण या रचनेत एक कच्चा दुवा होता. राजाच्या नावाने उभे राहिलेले देऊळ राजाच्या मर्जीवर तरते. मुलगा राजेंद्र याने गंगैकोंडचोळपुरम ही नवी राजधानी वसवून तिथे आपले मोठे शिवमंदिर बांधले आणि तंजावरचे तेज ओसरले. संतांच्या पदांत आधीपासून रुजलेल्या चिदंबरमला मात्र पुढच्या चोळांचीही दाने मिळत राहिली.

आठशे वर्षांनी या भिंतींना पुन्हा एक राजा भेटला, तो मराठी बोलणारा. 1799 च्या तहात राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला आणि दुसऱ्या सरफोजींकडे मुख्यतः किल्ला आणि मान उरला. 1803 साली त्यांनी भोसले घराण्याचा सविस्तर इतिहास याच मंदिराच्या आवारात मराठीत कोरून घेतला. मंदिराचे वंशपरंपरागत विश्वस्तपद आजही त्याच घराण्याकडे आहे.