खाऊचा हिशेब आणि हरवलेले 846 रुपये

सप्टेंबर संपून चार दिवस झाले होते. रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. "मामा, पैसे जुळंनात."

भाचा सांगलीकडचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हॉस्टेलची मेस रात्री साडेआठला बंद होते आणि भूक लागते अकराला. ही अडचण ओळखून त्याने जूनपासून एक छोटा धंदा काढला. गावाकडून भडंग, चकली आणि शेंगदाण्याचे लाडू येतात, तो त्यांच्या पिशव्या भरतो आणि दर शनिवारी खोलीवर पोचवतो. महिन्याच्या चार पिशव्यांना 450 रुपये, दोनच हव्या असतील तर 240. पैसे महिन्याच्या सुरुवातीला. सप्टेंबरमध्ये चाळीस गिऱ्हाइकं होती, अठ्ठावीस पूर्णवाली आणि बारा अर्धीवाली. म्हणजे येणं झालं 15,480 रुपये.

त्याच्या यादीत चाळीसही नावांपुढे बरोबरची खूण होती, म्हणजे सगळ्यांनी पैसे भरलेले. पण बँकेत आलेली रक्कम 12,564 आणि डब्यातली रोकड 2,070, दोन्ही मिळून 14,634 भरत होते. 846 रुपये कमी. रोख पैसे गोळा करायचं काम त्याच्या रूममेटकडे होतं. भाचा फोनवर हळूच म्हणाला, "त्याला विचारू का?"

मी पतसंस्थेत तीस वर्षं हिशेबाचं काम केलं. तूट दिसली की नजर आधी माणसाकडे जाते, हे पुष्कळदा पाहिलंय. म्हटलं, "आत्ता कुणालाच काही विचारू नकोस. उद्या लॅपटॉप आणि डबा घेऊन घरी ये."

तो येईपर्यंत मी एक जुनी युक्ती करून पाहिली. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर लिहिताना शेजारचे दोन आकडे उलटे पडल्याची शंका घ्यायची. 63 च्या जागी 36 लिहिलं, तर फरक पडतो 27 चा. अशा चुकीचा फरक नेहमी नऊच्या पटीतच येतो. 846 ला नऊने भाग गेला, उत्तर आलं 94, आणि मी क्षणभर खूश झालो. पण शेजारचे दोनच आकडे उलटले असतील, तर भागाकार एक ते नऊपैकी एखादा अंक येतो, फार तर पुढे शून्यं लागतात. 94 तसा नव्हता. शिवाय इथला दरच 450, आणि तो आधीच नऊच्या पटीतला. दोघांनी पैसे बुडवले, तरी फरकाला नऊने भाग जाणारच. ज्या हिशेबात रकमाच नऊच्या पटीतल्या असतात, तिथे ही युक्ती चकवा देते.

रविवारी तो आला. मी विचारलं, "ही खूण तू कशावरून करतोस?"

"पोरं पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकतात. तो बघून टिक करतो."

चूक इथेच होती. स्क्रीनशॉट हा देणाऱ्याकडचा पुरावा असतो. देणाऱ्याने काय केलं, किंवा काय करायला घेतलं, एवढंच तो सांगतो. घेणाऱ्याला पैसे मिळाले की नाही, हे फक्त घेणाऱ्याच्या खात्याचं विवरण सांगू शकतं. भाच्याने एक शहाणपण केलं होतं. खाऊच्या पैशांसाठी त्याने वेगळं खातं ठेवलं होतं आणि घरून येणारे पैसे त्यात येत नव्हते. त्यामुळे त्या खात्यातली जमेची प्रत्येक ओळ खाऊचीच होती.

मग आम्ही बेरजा बाजूला ठेवल्या आणि ओळीला ओळ लावायला बसलो. युपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. पैसे पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर तो दिसतो आणि घेणाऱ्याच्या बँक विवरणातही तोच असतो. नावं जुळवून हे काम होत नाही. एका मुलाचे पैसे वडिलांच्या खात्यातून आले होते, विवरणात वडिलांचं नाव होतं आणि भाचा त्या ओळीकडे "हे काका कोण?" म्हणून बघत बसला. क्रमांक लावल्यावर मिनिटात उलगडा झाला.

क्रमांक यादीत भरताना तो रकाना आधी `Plain text` करून घ्यावा लागतो. नाहीतर सुरुवातीचं शून्य गळतं, किंवा एक्सेलसारखा प्रोग्रॅम एवढा लांब आकडा आखडून भलत्याच रूपात दाखवतो. क्रमांक `C` रकान्यात असतील, तर तोच क्रमांक दोनदा आलाय का हे एका ओळीत कळतं:

```
=COUNTIF(C:C,C2)
```

उत्तर 1 आलं तर ठीक. 2 आलं, तर एकाच भरण्यावर दोन खुणा झाल्या आहेत.

रोख देणारी पाच मुलं सोडली, तर यादीत पस्तीस खुणा होत्या. बँकेत मात्र जमेच्या बत्तीसच ओळी. आणि उत्तर 2 आलं ते दोन नावांपुढे. दोघे एकाच खोलीतले, एकाने दोघांचे मिळून 900 रुपये पाठवलेले. ही चूक नव्हती, यादीतल्या दोन ओळींची बँकेत एक ओळ झाली होती. पण गंमत पुढे होती. 900 ची आणखी एक ओळ होती आणि ती एकट्या मुलाची. त्याने सप्टेंबरबरोबर ऑक्टोबरचेही भरून टाकले होते. रक्कम तीच, पण पहिली दोन माणसांची आणि दुसरी दोन महिन्यांची. दुसरीतले 450 सप्टेंबरची कमाई नव्हते. ती आगाऊ जमा होती, म्हणजे भाच्यावरचं देणं, कारण त्या बदल्यात चार पिशव्या अजून पोचवायच्या होत्या.

आता यादीतले दोन क्रमांक उरले, जे सप्टेंबरच्या विवरणात कुठेच नव्हते. पहिला स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. त्यावर बरोबरची हिरवी खूण नव्हती, घड्याळाचं चित्र होतं. व्यवहार अडकलेला होता. पाठवणाऱ्याच्या खात्यातून पैसे कापले गेले पण घेणाऱ्याला मिळाले नाहीत, असं झालं तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत जायला हवेत. त्यापुढच्या उशिराला दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. या मुलाचे 450 परत गेले होते. त्याने पाहिलंच नव्हतं, त्यामुळे पैसे दिले असं तो मनापासून समजत होता. दुसरा क्रमांक सापडला ऑगस्टच्या विवरणात. त्या मुलाने फोनमधून मागच्या महिन्याचाच फोटो पुन्हा पाठवला होता. मुद्दाम की चुकून, हे क्रमांक सांगत नाही. भाच्याने तारीख वाचली नाही, हे मात्र नक्की सांगतो.

शेवटची ओळ होती 24 रुपयांची. एका अर्धीवाल्याने 240 टाकताना शून्य विसरलं होतं आणि स्क्रीनशॉट बघताना भाच्यालाही ते दिसलं नव्हतं. शून्य गळाल्याचा फरकही नेहमी नऊच्या पटीतच असतो. इथे तो होता 216.

राहिली रोकड. पाच जणांचे 2,250 यायला हवे होते, डब्यात 2,070 होते. 180 कमी. डब्याच्या तळाशी घडी केलेली एक चिठ्ठी होती, कागदी पिशव्यांच्या दुकानाची. रक्कम 180. रूममेटने पिशव्या संपल्या म्हणून डब्यातूनच पैसे देऊन आणल्या होत्या आणि बिल तिथेच ठेवलं होतं. ते कुणी उघडून पाहिलं नव्हतं.

सगळं एका कागदावर मांडलं:

यादीप्रमाणे जमा: 15,480
वजा, परत गेलेला व्यवहार: 450
वजा, जुना स्क्रीनशॉट: 450
वजा, गळालेलं शून्य: 216
वजा, रोकडीतून झालेला खर्च: 180
अधिक, ऑक्टोबरची आगाऊ जमा: 450
प्रत्यक्ष हाती: 14,634

भाचा बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता. "म्हणजे 846 रुपये असे कुठे गेलेच नाहीत?"

नव्हतेच गेले. 846 हा पाच वेगवेगळ्या गोष्टींच्या बेरीज-वजाबाकीतून उरलेला आकडा होता. त्यावरून वसूल किती करायचं हेही कळत नव्हतं. वसुली होती 1,116 रुपयांची, तिघांकडून. आगाऊ आलेल्या 450 रुपयांनी तुटीवर पांघरूण घातलं होतं. समजा आणखी दोघांनी असेच आगाऊ भरले असते, तर तूट नाहीशी होऊन उलट 54 रुपये जास्त दिसले असते. भाच्याने "जवळपास जुळलं" म्हणून लॅपटॉप मिटला असता आणि 1,116 रुपये कायमचे बुडाले असते. बेरीज जुळणं म्हणजे हिशेब बरोबर असणं नव्हे. दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हाही बेरीज जुळते.

नवी पद्धत आम्ही त्याच दुपारी ठरवली. एका पानावर येणं: नाव, कोणत्या महिन्याचं, किती. दुसऱ्या पानावर जमा: तारीख, रक्कम, बारा आकडी क्रमांक, कोणाच्या खात्यात धरायची. हे दुसरं पान भरायचं ते बँकेच्या विवरणावरून, फोटोवरून नाही. रोख जमा पूर्ण लिहायची आणि त्यातून खर्च झाला तर तो वेगळ्या ओळीत, बिलासकट. जुळवणी महिनाअखेरी नाही, दर शुक्रवारी रात्री, पिशव्या भरण्याआधी, कारण आठ-दहा ओळी लावायला पंधरा मिनिटं पुरतात आणि आठवणही ताजी असते. या पद्धतीलाही मर्यादा आहे. 31 तारखेच्या रात्री आलेले पैसे विवरणात मागच्या महिन्यात पडणार. म्हणूनच जमेच्या पानावर तारीख वेगळी आणि महिना वेगळा लिहायचा.

आठवड्यात दोघांनी 450-450 आणून दिले. तिसऱ्याने 216 पाठवले आणि सोबत हसण्याचं चिन्ह टाकलं. जुना फोटो पाठवणाऱ्याला भाच्याने चोर म्हटलं नाही, फक्त दोन्ही महिन्यांचे क्रमांक शेजारी ठेवून दाखवले. तो स्वतःच "अरेच्चा" म्हणाला.

रूममेटला यातलं काही कळलं नाही. पुढच्या शनिवारी भाच्याने त्याला एक जास्तीची पिशवी दिली. त्याने कारण विचारलं, तर म्हणाला, "त्या 180 च्या बिलाबद्दल."

"ते तर डब्यातच होतं की," रूममेट म्हणाला.